माईचं मटण, माईची खिचडी

२०२२ साली १० जुलैला रविवार होता, आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही होती. शिवाय आखाड लागलेला. पुण्यात खाण्याचा धंदा करणाऱ्याला यातली एकेक गोष्टही दिवसभर पुरते. त्या दिवशी सगळ्या एकदम आल्या. कर्वेनगरातल्या आमच्या क्लाउड किचनमध्ये पहाटेपासून एका बाजूच्या शेगड्यांवर साबुदाण्याची खिचडी आणि वरीचा भात, तर दुसऱ्या बाजूला मटणाचा रस्सा. साडेअकराला पार्सलच्या खिडकीपाशी सात-आठ रायडर उभे. त्यातल्या एकानं मोबाइल आत दाखवत आवाज दिला, "भैया, माई का ऑर्डर." खिडकीतल्या मुलानं समोरची पिशवी उचलून दिली. चार-पाच मिनिटांनी दुसरा आला. तोही म्हणाला, "माई का." त्याला दुसरी पिशवी गेली.

एकच्या सुमारास माझा फोन वाजला. पिशवीवरच्या स्टिकरवर माझाच नंबर होता. पलीकडून एक वयस्कर बाई बोलत होत्या. "अहो, आमच्याकडे आज उपास आहे. खिचडी मागवली होती. डबा उघडला तर..." पुढचं त्यांना बोलवेना. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत आणि त्यामुळेच मला काय बोलावं ते सुचेना. मी पैसे परत करते म्हणाले. त्या म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या. पण तुमचं नाव बघून मागवलं होतं हो."

नाव बघून. आमच्या तीन ब्रँडची नावं होती 'माईची थाळी', 'माईचं मटण' आणि 'माईची खिचडी'. ही नावं आम्ही कशी ठेवली, ती कशी नडली आणि नंतर कशी बदलली, हे सविस्तर लिहिते आहे. आठवड्याला एखाद-दोन जण तरी मला विचारतात, "एकाच किचनमधून दोन-तीन ब्रँड काढायचेत, नावं सुचवा ना." मी नावं सुचवत नाही. पण कुठे पाय घसरतो ते सांगते.

सासूबाईंना घरात सगळे माई म्हणतात. २०२१ च्या सुरुवातीला मी डब्यांचा धंदा वाढवून सव्वाचारशे चौरस फुटांचा एक गाळा भाड्यानं घेतला, तेव्हा पहिला ब्रँड थाळीचा होता. त्याला माईंचं नाव दिलं ते प्रेमानं. थाळी चालली, मग दीर म्हणाले, आपल्या घरचं मटण चांगलं होतं, तेही टाकू. ॲपवर थाळीच्याच पानावर मटण घालता आलं असतं, पण मटण शोधणारा माणूस थाळीच्या पानावर येत नाही. म्हणून वेगळं पान आणि वेगळा ब्रँड. या धंद्याचं गणितच तसं आहे: शेगडी एक, आचारी तेच, भाडं एक, पण दुकानाच्या पाट्या तीन. पुण्यातच सुरू झालेल्या फासोसनं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. रोल फासोसच्या नावानं, बिर्याणी बेहरूझच्या नावानं, पिझ्झा ओव्हनस्टोरीच्या नावानं आणि या सगळ्यांच्या डोक्यावर रेबेल फूड्स हे कंपनीचं वेगळं नाव. आम्ही त्यांच्याकडून वेगवेगळे ब्रँड काढायचं तेवढं उचललं. नावं एकमेकांपासून लांब ठेवायची असतात, हे मात्र सुटलं. उलट आम्हाला वाटलं, थाळीला चांगलं रेटिंग आहे, तर 'माई' सगळीकडे लावू म्हणजे गिऱ्हाईक ओळखेल.

गिऱ्हाईक एका वेळी एकच पान बघतं, त्याला तीन नावांचा त्रास नसतो. त्रास होतो तो किचनमध्ये. तिथे तिन्ही नावं एकाच टेबलावर, एकाच आवाजात, एकाच वेळी येतात. हे मला एकादशीच्या आधी कळायला हवं होतं, कारण खुणा दिसत होत्या. आचारी "माईचं एक" एवढंच ओरडायचा आणि पॅकिंगवाल्या मावशी "कुठल्या माईचं?" म्हणून उलट ओरडायच्या. आम्ही हसायचो. किचनमध्ये रोज होणाऱ्या विनोदाकडे नीट बघा, बहुतेक वेळा तिथे गळती असते.

त्या प्रकारानंतर मी खिडकीपाशी एक वही लटकवली. रायडरनं चुकीची पिशवी उचलली किंवा आमच्या मुलानं चुकीची पुढे केली, की एक रेघ. दोन आठवड्यांत एकवीस रेघा झाल्या. बहुतेक चुका दारातच सापडल्या, बाहेर गेल्या त्या दोनच. पण एकवीसपैकी सतरा वेळा गोंधळ एका माईचा दुसऱ्या माईशी होता. आता खरं सांगायचं तर पार्सल नावावर द्यायचंच नसतं. ऑर्डर नंबरचे शेवटचे आकडे रायडरच्या मोबाइलवर बघायचे, पिशवीच्या चिठ्ठीवर बघायचे आणि जुळले तरच द्यायचं. तो नियम आमच्याकडेही होता आणि त्या दिवशी तो पाळला गेला नाही, ही चूक आमची. पण गर्दीत माणूस आकडे वाचत नाही, नाव ऐकतो. नियम मोडला जाईल त्या वेळीसुद्धा नावानं सांभाळून घ्यावं, इतपत ते वेगळं असायला हवं. आमच्या नावांनी चूक सोपी करून ठेवली होती.

नावं कागदावर कशी दिसतात, तेही मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आमचा किचन ऑर्डरची चिठ्ठी छापणारा प्रिंटर अठ्ठावन्न मिलिमीटरचा, म्हणजे साध्या अक्षरात एका ओळीत बत्तीस अक्षरं आणि ठळक दुप्पट रुंद अक्षरात फक्त सोळा. त्यावर देवनागरी नीट उमटत नव्हती, चौकोन यायचे, म्हणून नावं इंग्रजी लिपीत टाकलेली: `Maichi Thali`, `Maicha Mutton`, `Maichi Khichdi`. लांबून बघा, तिन्ही सारखीच दिसतात. दुसरा शब्द `T`, `M` किंवा `K` नं सुरू होतो, पण घामाघूम माणसाची नजर पहिल्या शब्दावरच थांबते. स्टिकर तर आम्ही पैसे वाचवायला एकाच छपाईत घेतले होते. वर मोठ्या अक्षरात 'माई', खाली बारीक अक्षरात बाकीचं. तिन्ही पिशव्यांवर तोच केशरी रंग.

इथे मराठी नावांची एक खास अडचण सांगते, जी आपल्याला नाव ठेवताना जाणवत नाही. आपण नाव मनात देवनागरीत ऐकतो आणि ॲपवर ते इंग्रजी लिपीत जातं. ळ, ण, ठ, ढ सगळं सपाट होतं. खिडकीशी येणारा रायडर बिहारचा असेल, लातूरचा असेल, तो ते आपल्या पद्धतीनं वाचतो. गिऱ्हाईकही शोधताना आपल्या मनाचं स्पेलिंग टाकतं. आमच्या 'माईची'ला लोक `Mai chi`, `Maaichi`, `Mayichi` अशा तीन-चार तऱ्हांनी शोधत होते. षष्ठीचा प्रत्यय असलेलं नाव इंग्रजी लिपीत घालणं म्हणजे स्पेलिंगच्या चुकांना आमंत्रण.

हे झालं खिडकीचं. दुसरी चूक त्याहून खोल होती आणि ती किचनच्या नावात होती.

ब्रँड तीन असले तरी जागेला स्वतःचं एक नाव लागतं. भाडेकरार, बँक खातं, शॉप ॲक्टची नोंद, एफएसएसएआयचं लायसन्स, बिल, सगळं त्या नावानं. आमच्या मालकी संस्थेचं नाव मी 'शाकंभरी किचन' ठेवलं होतं. त्या वेळी फक्त शाकाहारी थाळी होती, नाव शोभत होतं. मटण सुरू झालं तेव्हा हे नाव बदलावं असं डोक्यातही आलं नाही. वाटलं, ते कागदावरचं नाव, कोण बघतंय?

सगळे बघतात. एफएसएसएआयचं लायसन्स जागेला मिळतं, ब्रँडला नाही. एका जागेतून पाच ब्रँड चालवलेत तरी चौदा आकड्यांचा नंबर तोच. ॲपवर प्रत्येक ब्रँडच्या पानाच्या तळाशी तो नंबर आणि पत्ता असतो. २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो आणि बिलावर वर संस्थेचं नाव असतंच. म्हणजे ज्यांनी आमच्याकडून मटण मागवलं, त्यांच्या हातात 'शाकंभरी किचन'चं बिल पडत होतं. आणि ज्यांनी एकादशीला खिचडी मागवली त्यांच्यातल्या कुणी शेजारच्या मटणाच्या पानाशी नंबर ताडून पाहिला असता, तर दोन्ही एकाच शेगड्यांवरचं आहे हे दोन मिनिटांत कळलं असतं. एका गृहस्थांनी ते केलंही. दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी परीक्षणात एकच ओळ लिहिली: "देवीच्या नावानं मटण." आमच्या चवीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

ते वाचून मी चिडले होते. वाटलं, एका स्वयंपाकघरात दोन्ही शिजणं यात गुन्हा काय? आपल्या कितीतरी घरांत शिजतं. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, प्रश्न शिजण्याचा नाहीच. हॉटेलात माणूस आत येतो, भिंती बघतो, शेजारच्या टेबलावर काय आहे बघतो आणि स्वतः ठरवतो. क्लाउड किचनमध्ये त्याला काहीच दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त नाव असतं. त्यामुळे नावातला प्रत्येक शब्द तो स्वयंपाकघराबद्दलचा शब्द म्हणून वाचतो. 'शाकंभरी', 'सात्त्विक', 'सोवळं', 'वैष्णव', 'देवघर' असले शब्द नावात आले, की आपण लिहिलेलं नसलं तरी तो 'इथे मांसाहार शिजत नाही' असंच वाचतो. एकत्र किचनमध्ये हा शब्द पाळता येत नाही. तवे वेगळे ठेवले, तेल वेगळं ठेवलं, तरी गाळा एकच, धूर एकच.

म्हणून माझा पहिला नियम असा बनला: नाव शोधण्याआधी या गाळ्यातून जे जे निघणार आहे, पुढच्या दोन वर्षांत निघू शकेल, ते सगळं कागदावर लिहायचं. त्या यादीतल्या एकाही पदार्थाशी जे नाव भांडेल ते बाद. हे फक्त शाकाहाराचं नाही. दिरांनी नंतर मटणासाठी 'पाटा-वरवंटा' सुचवलं. नाव मला फार आवडलं. पण आमचं वाटण ग्राइंडरमध्ये होतं. 'चुलीवरचं' असं काही ठेवावं, तर आमच्याकडे व्यावसायिक सिलिंडर. 'गावरान' म्हणावं, तर कोंबडी ब्रॉयलर. पदार्थ कसा बनतो याबद्दल नाव जे सांगतं ते खरं नसेल, तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाईल की नाही सांगता येत नाही, पण परीक्षणात नक्की जाईल.

हे सगळं चालू असताना सप्टेंबरमध्ये एक वकिली नोटीस आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी खाणावळ होती, तिच्या नावात 'माई' होतं आणि ती २०१२ पासून त्या नावानं चालत होती. त्यांनी ट्रेडमार्कची नोंदणीही केलेली. त्यांचं म्हणणं, तुमच्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांचा गैरसमज होतो आहे. माझी पहिली प्रतिक्रिया अगदी ठरलेली: "माई तर माझ्या सासूबाई आहेत!" आमच्या वकिलांनी शांतपणे समजावलं. 'माईची खिचडी' या नावाचे दोन तुकडे. 'खिचडी' हा पदार्थ, तो सगळ्यांचा. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं, की माल किंवा सेवा कसली आहे एवढंच सांगणारा शब्द कुणा एकाला मिळत नाही. म्हणजे उरला 'माई', आणि तो आधीच दुसऱ्याचा. तुमच्या नावात तुमचं असं काहीच नाही.

एका ओळीत इतकं खरं मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. कोर्टात जायचा प्रश्नच नव्हता. जो आधीपासून वापरतो त्याची बाजू भक्कम असते, त्यात त्यांची नोंदणीही. आम्ही नव्वद दिवसांत नाव सोडायचं लेखी कबूल केलं.

आता नव्या नावांकडे येते. हे तपशिलात सांगते, कारण इथे बरेच लोक घाई करतात.

सगळ्यात आधी किचनचं नाव. याबद्दल माझं मत आता पक्कं आहे: किचनचं नाव कंटाळवाणं असावं. त्याला चव नको, धर्म नको, पदार्थ नको. ते फक्त कागदावर, बिलाच्या डोक्यावर आणि दारावरच्या पाटीवर येणार. कर्वेनगरचं जुनं नाव हिंगणे बुद्रुक, म्हणून आम्ही 'हिंगणे किचन्स' केलं. गावाच्या नावावर ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, पण इथे तो हवाच कशाला? किचनचं नाव विकायचं नसतंच. संस्थेचं नाव बदलल्यावर शॉप ॲक्ट, बँक, जीएसटी आणि एफएसएसएआयच्या `FoSCoS` पोर्टलवर बदलासाठी अर्ज, असं सगळं एकामागून एक करावं लागलं. प्रत्येक ठिकाणी आधीचं कागदपत्र दुसऱ्या ठिकाणच्या नव्या नावाशी जुळत नाही म्हणून अडतं. पहिल्याच दिवशी कंटाळवाणं नाव ठेवलं असतं तर हे दोन महिने वाचले असते.

मग ब्रँड. घरात सगळ्यांनी मिळून तिसाच्या आसपास नावं काढली. त्यातली निम्मी वरच्या नियमानं गेली. एका भाच्यानं मटणासाठी 'कोयता' सुचवलं. पुण्यात राहून हे नाव सुचावं म्हणजे कमाल आहे, रोजचा पेपर उघडला तरी कळतं का नको ते. माझं स्वतःचं लाडकं नाव होतं 'फुंकर', खिचडी आणि मऊभातासाठी. गरम घासावर घालतो ती फुंकर. पदार्थाचं नाव न घेता पदार्थ डोळ्यांपुढे येतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनंही बरं. पण इंग्रजी लिपीत `Funkar` लिहून मी पाच रायडरांना वाचायला दिलं, तर पाचांनी 'फनकार' वाचलं. `Phunkar` लिहिलं तर एकानं विचारलं, "साँप वाला क्या?" त्याला फूत्कार ऐकू आला असावा. सोडून दिलं. अजून वाईट वाटतं.

उरलेली नावं ट्रेडमार्कच्या सरकारी सार्वजनिक शोधात घातली. ही सोय `ipindia.gov.in` वर फुकट आहे. हॉटेल, खाणावळ, जेवण बनवून पुरवणं हे सगळं वर्ग ४३ मध्ये येतं. लोक फक्त जसंच्या तसं नाव शोधतात आणि काही दिसलं नाही, की खूश होतात. तसं करू नका. शोधात 'अमुक अक्षरांनी सुरू होणारं' आणि 'यात कुठेही असलेलं' हे पर्याय आहेत आणि उच्चारावरून शोधायचा फोनेटिक पर्यायही आहे. तिन्ही लावा आणि एकाच मराठी शब्दाची तीन-चार इंग्रजी स्पेलिंगं घालून बघा. आमची 'पंगत' आणि 'चूल' तिथेच पडली, कारण त्यांच्याशी मिळतेजुळते अर्ज आधीच बरेच होते. मसाले किंवा लोणची पुढे बाटलीत भरून विकायचा विचार असेल, तर वर्ग २९ आणि ३० सुद्धा बघून ठेवा, नाहीतर नाव थाळीला मिळतं आणि मसाल्याला अडतं. नोंदणीबाहेर वापरात असलेलं नाव मात्र या शोधात दिसत नाही. म्हणून दोन्ही ॲपवर आणि नकाशावर आपल्या शहरापुरतं तेच नाव शोधलं. आमची जुनी चूक ज्यात सापडली असती, ती पाच मिनिटांची पायरी.

शेवटी तीन उरली: थाळीला 'सोबत', मटणाला 'दणका', खिचडी-मऊभाताला 'निवांत'. ॲपवर `Sobat`, `Danaka`, `Nivant`. तिन्ही एकेकच शब्द, पहिलं अक्षर वेगळं, प्रत्यय नाही. `Danka` लिहिलं असतं तर सगळ्यांनी 'डंका' वाचलं असतं, म्हणून मध्ये `a`. 'सोबत' हा एकट्यानं जेवणाऱ्या नोकरदार मुलामुलींसाठी, तो शब्द त्यांना कळतो, हिंदीवाल्यालाही ओळखीचा वाटतो. यातलं एकही नाव आत काय आहे ते थेट सांगत नाही, ते काम ॲपवरचा फोटो आणि खालची ओळ करते. सुरुवातीला मला याचीच भीती होती, की 'निवांत' म्हणजे काय हे लोकांना कळणार कसं? कळलं. भूक लागलेला माणूस आधी खिचडीचा फोटो बघतो, मग नाव.

ठरवण्याआधी शेवटची परीक्षा खिडकीत घेतली. शनिवारी रात्री साडेआठला, एक्झॉस्टचा पंखा पूर्ण वेगात असताना, भाचा बाहेर उभा राहून तिन्ही नावं आलटून पालटून, हिंदी धाटणीत ओरडत होता. आतल्या मुलानं पाठमोरं राहून ऐकायचं आणि रंगाची चिठ्ठी उचलायची. तीस वेळा केलं, एकदाही चुकलं नाही. मग नाव ओरडायची वेळच येऊ नये म्हणून खिडकीवर तीन रंगांचे खण केले. पिशव्यांचे स्टिकरही त्याच तीन रंगांचे, प्रत्येकाची छपाई वेगळी. महाग पडलं, पण पहिल्या वेळी वाचवलेल्या पैशापेक्षा स्वस्त. दारावर मात्र पाटी एकच, देवनागरीत, 'हिंगणे किचन्स', आणि तिच्याखाली तिन्ही नावं. रायडरला पत्ता शोधताना ॲपवर ब्रँडचं नाव दिसतं, पाटीवर ते नसलं तर तो गल्लीत दोन चकरा मारतो आणि जेवण निवतं.

ट्रेडमार्कचे अर्ज तिन्हींसाठी वर्ग ४३ मध्ये केले. वैयक्तिक मालक आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे तिन्हींचे मिळून १३,५००. वकिलांची फी वेगळी. अर्ज लोगोचा न करता शब्दाचा केला, कारण लोगो बदलतो, शब्द राहतो. अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लावता येतं, पण गोलातलं 'आर' नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, त्याबद्दल दंड होऊ शकतो. तपासणीचा अहवाल आला तर महिन्याभरात उत्तर द्यायचं, नंतर जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घ्यायची मुभा. हे सगळं संपेपर्यंत नाव 'आपलं' झालं असं समजून हजारो डबे छापू नयेत. किचनच्या नावाचा अर्ज केला नाही.

नाव बदलताना ॲपवरच्या आमच्या दोन ब्रँडची पानं नवी धरली गेली आणि दीड वर्षाचं रेटिंग गेलं. थाळीच्या ऑर्डरी पहिल्या महिन्यात अर्ध्यावर आल्या, पूर्ववत व्हायला पाच महिने लागले. हे लिहिते आहे ते यासाठी, की नाव 'नंतर बघू, बदलता येतं' असं म्हणणाऱ्यांना त्याची किंमत कळावी.

एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम सोडली. काही जण सांगतात, तीनच का, तोच पदार्थ दहा नावांनी टाका, कुठलं तरी चालेल. तसं करणारे आहेत. अमेरिकेत उबर ईट्सनं २०२३ मध्ये असे हजारो ब्रँड काढून टाकले, कारण एकाच किचनमधून तोच मेनू वेगवेगळ्या नावांनी ॲपभर पसरला होता. आमची दोन नावं ठेवायची अट अशी आहे, की दोन ब्रँडच्या यादीत सामायिक पदार्थ फार तर दोन, तेही ताक आणि पापडासारखे. ज्या दिवशी 'दणका'मध्ये खिचडी घालावीशी वाटेल, त्या दिवशी नावाचं काम संपलं.

आणि 'निवांत'च्या पानावर आम्ही एक ओळ लिहिली आहे: 'याच स्वयंपाकघरात मांसाहारी पदार्थही बनतात.' दिरांचा याला विरोध होता, आपणहून कशाला सांगायचं? सोमवारच्या आणि चतुर्थीच्या ऑर्डरी त्यामुळे कमी येतात, हेही खरं. उपासाचे पदार्थ आम्ही बंदच केले. पण आता 'निवांत'वर जे मागवतात, ते वाचून मागवतात. परीक्षणात देवीचं नाव परत आलेलं नाही.

जुने केशरी स्टिकर अडीच हजारांच्या वर उरले होते. माईंनी ते फेकू दिले नाहीत. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या अजून वाण्याची यादी लिहितात. तुम्ही नाव ठरवलं असेल, तर स्टिकरची ऑर्डर देण्याआधी एकदा रात्री साडेआठला, पंखा लावून, खिडकीबाहेरून ते ओरडून बघा.